सल्ला हवा: पायथनमध्ये ‘स्वस्त’चे जवळचे शब्द मागितले की ‘महाग’ येतो

पारिजात:
नमस्कार मंडळी. शाळेच्या मासिकासाठी मी दर महिन्याला मराठी शब्दकोडं तयार करते. त्यासाठी समानार्थी शब्द पटापट सुचवणारी छोटी पायथन स्क्रिप्ट लिहितेय. फास्टटेक्स्टचे तयार मराठी व्हेक्टर उतरवलेत आणि जेनसिममध्ये असे उघडते:

```python
from gensim.models import KeyedVectors
kv = KeyedVectors.load_word2vec_format(
    "cc.mr.300.vec.gz", limit=200000)
print(kv.most_similar("स्वस्त", topn=20))
```

यादीत आधी ‘स्वस्तात’सारखी रूपं येतात आणि त्यांच्याच पंगतीत ‘महाग’ बसलेला असतो. ‘सोपे’ला ‘कठीण’, ‘लहान’ला ‘मोठा’, तीच गत. माझं काही चुकतंय का? दुसरे कुठले व्हेक्टर चांगले आहेत? लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे आणि खर्च शून्य रुपये. कृपया या हिशोबातच सुचवा.

गावकुसाबाहेर:
ताई, ८ जीबीवर हे काम करूच नका. मी गेल्या दिवाळीत ३२ जीबीचा आणि ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप घेतला, आता पूर्ण `.bin` फाइल आरामात उघडते. एकदाच खर्च होतो, पण डोक्याची कटकट जाते.

पारिजात:
दादा, खर्च शून्य म्हटलंय. आणि मोठी फाइल उघडल्याने ‘महाग’ यादीतून जाईल का?

गावकुसाबाहेर:
तो येतोच. पण लवकर येतो.

सदाफुली_०७:
तुम्ही उणे चिन्हाचा वापर करत नाही आहात. विरुद्ध शब्द म्हणजे उलट्या दिशेचा व्हेक्टर. `most_similar(negative=["स्वस्त"])` मागा, सगळे विरुद्धार्थी शब्द मिळतील, तेवढे मूळ यादीतून वजा करा. मी कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये असंच केलं होतं आणि मार्कही चांगले पडले.

तांबडी_माती:
सदाफुली, हे चालवून बघा आणि काय येतं ते इथे टाका. ‘स्वस्त’च्या बरोबर उलट्या दिशेला ‘महाग’ नसतो. तिथे कुठल्यातरी आडनावांचे तुकडे, परभाषेतला कचरा, ज्यांचा ‘स्वस्त’शी काही संबंध नाही असे शब्द असतात. ‘महाग’ तर ‘स्वस्त’च्या शेजारीच आहे, पारिजातताईंची यादीच ते सांगतेय.

ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. हे व्हेक्टर कसे शिकतात ते बघा. पानावरचा एक शब्द झाकायचा आणि आजूबाजूच्या शब्दांवरून तो ओळखायचा, एवढंच काम त्यांना दिलेलं असतं. आजूबाजूचे किती शब्द बघायचे ती खिडकी या फाइलसाठी पाच शब्दांची होती. आता ‘पावसामुळे भाज्या ___ झाल्या’, ‘सोनं आणखी ___ होणार’, ‘इथे कपडे ___ मिळतात’ ही वाक्यं घ्या. रिकाम्या जागी ‘स्वस्त’ घाला किंवा ‘महाग’ घाला, शेजारपाजार तोच. शब्द एकमेकांच्या जागी बसू शकतात का, एवढंच व्हेक्टरला कळतं. अर्थ तोच राहिला की उलटला, हे त्या शेजारात लिहिलेलंच नाही.

विरुद्धार्थी शब्दांचं बाकी सगळं जुळतं: दोन्ही विशेषणं, दोन्ही किमतीबद्दल, फरक फक्त टोकाचा. म्हणून ते ‘टेबल’ आणि ‘पाऊस’ यांच्यापेक्षा एकमेकांच्या कितीतरी जवळ असतात.

हा मराठी फाइलचा दोष नाही. गुगल न्यूजवर शिकवलेल्या प्रसिद्ध इंग्रजी व्हेक्टरना `good` विचारलं तर पहिला `great` येतो, ०.७३ गुणांनी, आणि दुसरा `bad`, ०.७२ गुणांनी.

कोकणवारा:
+१, आजूबाजूच्या शब्दांमुळे होतं. मी हेच लिहायला आलो होतो.

माझा वेगळा मुद्दा: ‘दुसऱ्या’ टाईप केलं की कधी कधी `KeyError` येतो. त्यातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाईप होतो, एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. डोळ्यांना सारखे, संगणकाला वेगळे. NFC करूनही ते एक होत नाहीत, स्वतः `replace` लिहावा लागतो. लोक की-बोर्ड नीट निवडत नाहीत त्याचा त्रास आपल्याला.

गावकुसाबाहेर:
की-बोर्ड इनस्क्रिप्टच वापरावा. फोनेटिकवाल्यांनी मराठीची वाट लावली आहे.

कोकणवारा:
फोनेटिक नसता तर निम्मी मराठी नेटवर आलीच नसती. यावर वेगळा धागा काढा.

मेघदूत_नाशिक:
एवढा खटाटोप कशाला? पुण्याच्या एल३क्यूबचं महाबर्ट घ्या, संदर्भ समजतो. फास्टटेक्स्ट जुनं झालं.

तांबडी_माती:
वाक्यांसाठी महाबर्ट उत्तम. पण कोड्याला सुटा शब्द हवाय, त्याला संदर्भच नाही. आणि तेही झाकलेला शब्द ओळखूनच शिकतं, त्यामुळे ‘भाज्या ___ झाल्या’मध्ये तिथेही दोन्ही शब्द चालतात. त्याच लोकांचे महाएफटी व्हेक्टर मात्र वापरून बघण्यासारखे आहेत. शेजारी बदलतील, ‘महाग’ जाईल असं समजू नका.

मराठीत आणखी एक भानगड आहे. फास्टटेक्स्ट शब्दाचे पाच-पाच चिन्हांचे तुकडेही शिकतं, आणि शब्दाच्या दोन्ही टोकांना `<` आणि `>` लावतं. ‘शक्य’मध्ये `शक्य>` हा तुकडा आहे, ‘अशक्य’मध्येही तोच आहे. म्हणजे ‘अ’ लावून बनणारे उलटे शब्द शेजारामुळे तर जवळ येतातच, स्पेलिंगमुळे आणखी ओढले जातात. यादीत ‘स्वस्तात’ वर येण्यामागेही हे आहे.

फुकटात होणारा उपाय म्हणजे विरुद्धार्थी जोड्यांची छोटी फाइल हाताने करा. पाचवी-सहावीच्या व्याकरणातल्या जोड्यांपासून सुरुवात होईल. मग:

```python
ulat = "महाग"
for w, s in kv.most_similar("स्वस्त", topn=40):
    if kv.similarity(w, ulat) < s:
        print(w)
```

जो शब्द ‘स्वस्त’पेक्षा ‘महाग’च्या जास्त जवळ, तो गाळला. ‘महाग’ स्वतः तर जातोच, त्याच्याबरोबर ‘महागडा’, ‘महागात’ वगैरे कुटुंबही बहुतेक जातं. एका जोडीत काम होतं.

सदाफुली_०७:
पण ‘माफक’, ‘परवडणारे’ पण गळतील ना यात? ते दोन्हींच्या मधलेच आहेत.

तांबडी_माती:
गळू शकतात, बरोबर हेरलंत. मधल्या शब्दांवर ही चाळणी बेभरवशाची आहे. अटीत `< s + 0.05` असं थोडं सैल करून बघा, पण मग ‘महागडा’ परत डोकावेल. सगळ्या शब्दांना चालेल असा एकच आकडा मला सापडलेला नाही.

मेघदूत_नाशिक:
मग आयआयटी मुंबईचं मराठी वर्डनेट वापरा की. माणसांनी बनवलंय, समानार्थी गट तयार आहेत. व्हेक्टर हवेतच कशाला?

तांबडी_माती:
हे तुम्ही पहिल्याच प्रतिसादात सांगायला हवं होतं. पायथनमधून `pyiwn`ने ते वाचता येतं. तिथे जो शब्द सापडेल तो तिथूनच घ्या, न सापडल्यास व्हेक्टरकडे या.

गावकुसाबाहेर:
आणि रॅम तरी १६ करून घ्या. जुन्या मशीनला पण बसते.

पारिजात:
सर्वांचे आभार. तांबडी_माती, ‘भाज्या ___ झाल्या’मुळे लख्ख समजलं. रॅम वाढवणार नाहीये, दोन लाख शब्दांचे आकडे जेमतेम २४० एमबी घेतात.

चाळणी चालवली, ‘महाग’ गेला. तरी शेवटी ती काढून टाकतेय. कोड्यात ‘विरुद्धार्थी शब्द लिहा’ अशाही खुणा असतात, आणि त्यांच्यासाठी हीच यादी मला आयती मिळतेय. चाळीस शब्द छापून घेणार, समान कुठले आणि उलट कुठले ते लाल-निळ्या पेनाने मीच खुणावणार.

तांबडी_माती:
त्या लाल-निळ्या खुणा फाइलमध्ये साठवा आणि जमल्यास इथे टाका. मराठी विरुद्धार्थी जोड्यांची मोकळी यादी मी स्वतः शोधतोय.

कोकणवारा:
टाकताना ‘ऱ्या’ एकाच तऱ्हेचा ठेवा.