मदत हवी आहे: भावाचा ड्रायव्हरचा बायोडेटा जाहिरातीशी जुळत नाहीये, लायसन्सच्या तारखांचा घोळ

सुवर्णा_टी

नमस्कार मंडळी, धाकट्या भावासाठी बायोडेटा टाईप करून देतेय आणि एका ठिकाणी अडकलेय, ज्यांना ड्रायव्हर भरतीची माहिती आहे त्यांनी प्लीज सांगा.

जाहिरातीत थोडक्यात असं आहे: माल वाहतुकीच्या छोट्या ट्रकसाठी चालक पाहिजे, गाडीचं एकूण वजन साडेसात टनांपर्यंत, ट्रान्सपोर्ट लायसन्स, किमान 5 वर्षं त्याच प्रकारच्या गाडीचा अनुभव, रेकॉर्ड स्वच्छ, दुकानांना माल पोचवायचे शहरातले रूट माहीत हवेत, पहाटे गाडी काढायची तयारी.

भावाने स्वतः कुठल्यातरी दुकानात टाईप करून घेतलेला जुना बायोडेटा आहे त्यात लिहिलंय "हेवी लायसन्सधारक, 8 वर्षांचा हेवी गाडीचा अनुभव, सर्व प्रकारच्या गाड्या चालवता येतात, अपघात नाही." आता मी त्याचं लायसन्स समोर घेऊन बसले तर कार्डावर एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीची नोंद 2016 ची आहे आणि एलएमव्ही ट्रान्सपोर्ट ऑगस्ट 2021 ची, आणि ट्रान्सपोर्टची मुदत ऑगस्ट 2026 ला संपतेय. तो पिकअप चालवायला लागला 2018 पासून. म्हणजे 2018 ते 2021 त्याने माल वाहतुकीची गाडी कुठल्या लायसन्सवर चालवली असा प्रश्न मुलाखतीत कोणी विचारला तर? ती वर्षं सरळ काढून टाकू का? काढली तर 5 वर्षं जेमतेम होतात म्हणून जीव वरखाली होतोय.

रात्रपाळी

काढू नका उगाच, ताई. सुप्रीम कोर्टाने 2024 ला निकाल दिलाय, एलएमव्हीवर ट्रान्सपोर्ट गाडी चालते, वेगळ्या शिक्क्याची गरज नाही. तेव्हा ट्रान्सपोर्टचा उल्लेखच कशाला करायचा, लायसन्स एलएमव्ही लिहा आणि मोकळे व्हा.

फ्लीट_सांभाळणारा

रात्रपाळी यांचं अर्धं बरोबर आहे पण उरलेलं अर्धं नोकरी घालवेल, म्हणून सविस्तर लिहितो. मी ड्रायव्हर निवडायचं काम करतो, रोज अशी कार्डं हातात येतात.

निकाल 6 नोव्हेंबर 2024 चा आहे, पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाचा. त्याचं म्हणणं असं की एलएमव्ही लायसन्स असलेला माणूस 7500 किलोपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडी वेगळा शेरा नसतानाही चालवू शकतो. माल गाडीच्या बाबतीत हे वजन म्हणजे भरलेल्या गाडीचं, ग्रॉस वेट. आरसीवर रिकाम्या गाडीचं वेगळं आणि भरलेल्याचं वेगळं लिहिलेलं असतं, आणि लोक नेमकं रिकाम्याचं वजन वाचून "अरे, बसतंय की" म्हणतात. तिथेच फसतात.

पण जाहिरातीत मालकाने "ट्रान्सपोर्ट लायसन्स" मागितलंय. कायद्याने चालतं आणि मालकाला काय पाहिजे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या भावाकडे ते आहे, मग लपवायचं कशाला? उलट पहिल्या ओळीत आलं पाहिजे.

ताई, तुमचा खरा अडथळा 2018 नाही, "हेवी" हा शब्द आहे. कार्डावर एलएमव्ही ट्रान्सपोर्ट आहे, हेवीचा वर्गच नाही. गावाकडे सहा चाकं दिसली की हेवी म्हणतात ते मला माहितीये, पण माझ्यासारखा माणूस बायोडेटा आणि कार्ड शेजारी ठेवतो. एका कागदावर हेवी आणि दुसऱ्यावर नाही, की पुढचं वाचतच नाही, कारण मग अनुभव तरी खरा कशावरून.

तर आधी हे करा. त्याने ज्या गाड्या चालवल्या त्यांच्या आरसीवरचं ग्रॉस वजन शोधा. मालकाकडे फोटो असतोच, नाहीतर गाडी नंबरवरून आरसीची माहिती परिवहनच्या ॲपवर बघायचा प्रयत्न करा.

सुवर्णा_टी

खूप धन्यवाद. भावाला फोन केला. 2018 ते 2021 छोटी पिकअप, तिच्या आरसीवर एकूण वजन 2950 आहे. नंतरची 14 फुटी गाडी, तिचं मला आधी 3400 च्या आसपास वाटलं ते रिकाम्या गाडीचं निघालं, भरलेल्याचं 7490 आहे. हे अगदीच काठावर आहे, चालेल ना? भाऊ म्हणतो तो त्याला ट्रकच म्हणायचा म्हणून हेवी लिहिलं.

फ्लीट_सांभाळणारा

चालेल, 7500 च्या आतच आहे. त्या वजनाच्या गाड्या मुद्दाम तेवढ्यावरच बांधलेल्या असतात. म्हणजे 2018 पासूनची सगळी वर्षं त्याच्या लायसन्समध्ये बसतात, एकही काढायची नाही. पण एक वर्ष सुद्धा "हेवी" लिहायचं नाही. अनुभव दोन ओळींत फोडा, साधारण असं:

"2018 ते 2021, माल पिकअप, एकूण वजन 2950 किलो, एलएमव्ही लायसन्सवर. 2021 पासून 14 फुटी माल गाडी, एकूण वजन 7490 किलो, एलएमव्ही ट्रान्सपोर्ट लायसन्सवर."

बघा, जाहिरातीतलं "त्याच प्रकारच्या गाडीचा" हे त्यात आपोआप येतं, कारण वजन शेजारीच दिसतं. आणि तुम्हाला वाटतंय 5 वर्षं जेमतेम होतात, तर पिकअपची तीन वर्षं वर धरली की मालकाला आरामात समजतं. हां, तो कडक असेल तर "फक्त 14 फुटीचीच 5 वर्षं मोजतो" म्हणेल, ते नाकारता येत नाही.

दुसरं, मुदत. ऑगस्ट 2026 ला संपतेय आणि जाहिरात देणारा कार्डावर पहिल्यांदा मुदतच बघतो. ट्रान्सपोर्ट 5 वर्षांचं असतं, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. आत्ताच करून टाका, डॉक्टरचा फॉर्म 1ए लागेल. अर्ज केला असेल तर बायोडेट्यात "नूतनीकरणाचा अर्ज केला आहे" असं लिहा, पावती जवळ ठेवा.

स्कूटीवरचा_राजू

मला पण असंच झालंय, सांगा ना. माझं लायसन्स बिनगिअरच्या गाडीचं आहे, जाहिरातीत बाईक रायडर पाहिजे, गिअरची बाईक स्वतःची आणावी. माझ्याकडे इलेक्ट्रिक स्कूटर आहे, तिला लायसन्सच लागत नाही म्हणे. मग मी अर्ज करू का, ते बाईक आणि स्कूटर एकच धरतात ना?

फ्लीट_सांभाळणारा

राजू, हा धागा ट्रकचा आहे पण उत्तर देतो. लायसन्स लागत नाही ते फक्त ताशी 25 किलोमीटरच्या आत धावणाऱ्या आणि 250 वॉटपर्यंत मोटर असलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरला. तुझी त्याहून जास्त पळत असेल तर ती नोंदणीची गाडी आहे आणि लायसन्स लागतं. आणि जाहिरातीत गिअरची बाईक म्हटलंय तर तुझ्या लायसन्सवर ती चालवता येत नाही. बाईक आणि स्कूटर कोणी एक धरत नाही. आधी गिअरचं लायसन्स काढ, नाहीतर स्कूटर चालेल असं लिहिलेली जाहिरात शोध.

वकीलीण_काकू

मला "अपघात नाही" आणि "रेकॉर्ड स्वच्छ" यावर विचारायचंय. सुवर्णा, भावावर कधी केस झाली होती का? ई-चलन आहेत का?

सुवर्णा_टी

चलन दोन-तीन झाली होती, पण ती मालकाच्या गाडीवर. आणि 2019 मध्ये एकदा पिकअपने एका रिक्षाला घासलं होतं, कोणाला लागलं नाही पण पोलीस केस झाली, निष्काळजी गाडी चालवण्याची. भाऊ म्हणतो कोर्टात दंड भरला आणि विषय संपला.

रात्रपाळी

दंड भरला म्हणजे संपलंच की. असल्या किरकोळ गोष्टी कोण लिहितं, सगळेच घासतात गाडी.

वकीलीण_काकू

नाही हो, इथे मला थांबवावंच लागेल. कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला तर ती दोषसिद्धी असते, केस मागे घेतलेली नसते. तेव्हा दंड संहितेचं कलम 279 होतं, आता न्याय संहितेत 281 आहे. आणि नोकरी देणारा पोलीस पडताळणी मागतो तेव्हा असली नोंद दिसू शकते. बायोडेट्यात "अपघात नाही" लिहिलंय आणि अहवालात केस दिसली, तर रिक्षा घासली म्हणून नाही, खोटं लिहिलं म्हणून नाकारतील. ते वाक्य पूर्ण काढ. त्याऐवजी जे खरं आहे ते लिही, "लायसन्स कधीही निलंबित झालेले नाही", आणि हे खरं आहे का ते आधी त्याला विचार.

चलनाचं म्हणशील तर ई-चलन गाडीच्या नंबरावर होतं, म्हणून मालकाच्या नावावर दिसतं. पण ई-चलनच्या साईटवर लायसन्स नंबर टाकूनही शोधता येतं, तिथे काही निघतं का बघ. निघालं तर भरून पावती ठेव, नाही निघालं तर त्या पानाचा प्रिंट फाईलला लाव.

फ्लीट_सांभाळणारा

काकूंशी सहमत, पण एक विचार. 2019 ची केस बायोडेट्यात लिहावी की मुलाखतीत विचारल्यावर सांगावी, यावर आमच्यातही दोन मतं आहेत. मी स्वतः विचारल्यावर सांगणाऱ्याला घेतो. काही मालक "आधी का नाही लिहिलं" म्हणतात. तुम्ही जाहिरातीच्या भाषेवरून ठरवा, "कोणतीही केस नसलेला" असं स्पष्ट लिहिलं असेल तर लपवून उपयोग नाही, फक्त "रेकॉर्ड स्वच्छ" असेल तर विचारल्यावर सांगा.

सुवर्णा_टी

जाहिरातीत फक्त "रेकॉर्ड स्वच्छ" आहे. लायसन्स निलंबित झालं नाही असं तो ठामपणे म्हणतो. आता रूटचं राहिलं. भावाने "सर्व रूट माहीत" लिहिलंय.

कोपऱ्यावरची_शाखा

डिस्पॅचला बसते म्हणून सांगते, "सर्व रूट माहीत" वाचलं की मला काहीच कळत नाही. रस्ता तर फोन पण सांगतो. मला हे पाहिजे असतं की दिवसाला किती दुकानं करतो, मोठ्या गाडीला दिवसा बंदी असलेल्या भागात पहाटे कुठल्या वेळेला आत जाऊन बाहेर पडायचं ते माहीत आहे का, गल्लीत 14 फुटी वळत नाही तिथे कुठे उभी करून माल हातगाडीवर नेतो, सही-शिक्क्याची पावती परत आणतो का. माझ्याकडे एकाने लिहिलं होतं "बाजारपेठेच्या भागात रोज 18 ते 20 दुकानं, सकाळी आठच्या आत गाडी बाहेर" आणि मी त्याला लगेच बोलावलं. तुमच्या भावाचे रूट जाहिरातीतल्या भागाशी जुळत नसतील तर तसंच लिहा, "त्या भागात नवीन, पण अशाच दाट वस्तीत रोज काम". माहीत नसलेल्या भागाचं नाव लिहिलं आणि पहिल्याच दिवशी रस्ता चुकला तर डिस्पॅचला लगेच कळतं.

सुवर्णा_टी

हे मी त्याच्याकडून विचारून लिहिते, तो रोज किती दुकानं करतो मला पण माहीत नव्हतं. "हेवी" आणि "अपघात नाही" काढलं, दोन ओळींचा अनुभव टाकला. एकच राहिलं, पिकअपच्या जुन्या मालकाचा फोन लागत नाहीये, तिथलं अनुभवाचं पत्र नाही. 2018 ते 2021 साठी दुसरं काय दाखवता येईल?

फ्लीट_सांभाळणारा

पगार बँकेत येत असेल तर त्या काळाचं पासबुक. रोख मिळत असेल तर ज्या दुकानांना माल पोचवायचा त्यातल्या एखाद्या दुकानदाराचा नंबर संदर्भ म्हणून द्या, त्याची आधी परवानगी घेऊन. सगळीकडे चालेल असं नाही, पण मी तसा फोन लावून बघतो.

रात्रपाळी

2019 च्या केसचे कागद कोणाकडे आहेत? त्यात गाडी नंबर आणि मालकाचं नाव असणार, म्हणजे तो तेव्हा ती पिकअप चालवत होता हे त्यातूनच सिद्ध होतं की.

वकीलीण_काकू

होतं, पण तो पुरावा स्वतःहून पुढे करायचा का ते भावाला ठरवू दे. आधी पासबुक शोधा.