मदत हवी आहे: दुसरीतल्या लेकराला शाळेतला त्रास कसा विचारू?

नमस्कार. आम्ही परभणीजवळ राहतो. मुलगा सात वर्षांचा. आठवडा झाला, शाळेतली खिचडी न खाताच घरी येतोय.

मी घाबरून चूक केली. "मागच्या बाकावरच्या त्या पोरानंच मारलं ना?" असं विचारलं, त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी बाईंसमोर मात्र "नाही" म्हणाला. नाव मीच त्याच्या तोंडात घातलं होतं. वर "तू गप का बसलास?" हेही विचारलं. तेव्हापासून तो बोलेचना.

काल रात्री पाटीवर शाळेचं चित्र काढायला दिलं. "खिचडीच्या सुट्टीत तू कुठं असतोस?" त्यानं नळाजवळ टिंब काढलं. मी फक्त "मग काय झालं?" म्हणत गेले. "ताट वढून घेतेत. बोबड्या म्हणतेत." त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख टाकून वहीत लिहिलेत.

ओढून घेणारे कोण, ते अजून कळलं नाही. "तिथं कोण कोण होतं?" एवढं विचारलं तर चालेल का? की आता न विचारता वहीच बाईंना दाखवू? तेच तेच विचारलं की आधीचं उत्तर चुकलं असं वाटून लेकरं ते बदलतात, त्याची भीती वाटते. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.