मदत हवी आहे: मेथोट्रेक्सेट पेशींना मारतच नाही

नेरूळ_लोकल: एमएस्सीचा प्रोजेक्ट करतेय. कॅन्सरच्या त्याच पेशी, सीरम दोन्हीकडे साधं, १० टक्के. डीएमईएममध्ये १ मायक्रोमोलर मेथोट्रेक्सेट टाकलं की ७२ तासांनी जेमतेम ३५ टक्के उरतात. गेल्या आठवड्यात मिडियम संपलं म्हणून शेजारच्या लॅबमधून डीएमईएम/एफ१२ उसनं आणलं, तर ८५ टक्के जिवंत! औषधाची बाटली तीच. सर म्हणतात पिपेटिंग चुकलं. तीनदा केलं हो.

घोडबंदर७: एफ१२ मध्ये फॉलिक ॲसिड असतं, तेच औषधाला नडतंय. ल्युकोव्होरिन देऊन पेशंटला वाचवतात ना, तसं.

पारसिकचा_डोंगर: दादा, ल्युकोव्होरिनचं बरोबर, फॉलिक ॲसिडचं नाही. ते डीएमईएममध्ये लिटरला ४ मिलिग्रॅम, म्हणजे उलट जास्तच आहे. शिवाय ते वापरायलाही डीएचएफआर लागतं, आणि मेथोट्रेक्सेटने नेमकं तेच अडवलेलं असतं. ल्युकोव्होरिनला ते लागत नाही.

ताई, पिपेट नाही, मिडियम बघ. एफ१२ मध्ये हायपोझँथिन आणि थायमिडिन तयारच घातलेलं असतं. औषधाने पेशीचा प्युरीन आणि थायमिडिलेट नव्याने बनवायचा रस्ता बंद केला, पण ती बाहेरचा माल उचलते. एचजीपीआरटी हायपोझँथिनपासून थेट आयएमपी बनवतं, थायमिडिन कायनेज थायमिडिनला फॉस्फेट लावतं. फोलेटची गरजच उरत नाही. हायब्रिडोमावाले हॅट मिडियममध्ये मुद्दाम हेच करतात.

आता डीएमईएममध्येच चार विहिरी लाव: नुसतं औषध, औषध आणि थायमिडिन, औषध आणि हायपोझँथिन, औषधासोबत दोन्ही. थायमिडिन १६, हायपोझँथिन १०० मायक्रोमोलर.

ऐरोलीची_मावशी: माझ्या भाच्याला ल्युकेमियासाठी सिक्स-एमपी आणि हेच मेथोट्रेक्सेट चालू आहे. मग त्याच्या पेशीही बाहेरून घेऊन वाचत असतील का?

पारसिकचा_डोंगर: मावशी, बशीतल्या पेशींवरून त्याच्या उपचाराचं काही ठरवू नका, ते डॉक्टरांनाच विचारा. एवढं सांगतो, सिक्स-एमपीचं गणित उलटं आहे. ते एचजीपीआरटीच्याच दारातून आत जाऊन विषारी होतं. ते एन्झाइम हरवलेली पेशी उलट त्याला दाद देत नाही.

नेरूळ_लोकल: चारही विहिरींचे आकडे आले. नुसतं औषध ३६, हायपोझँथिनसोबत ४१, दोन्हीसोबत ८८. पण नुसत्या थायमिडिनसोबतही ७४! प्युरीन कुठून आलं?

पारसिकचा_डोंगर: साध्या सीरममध्येही हायपोझँथिन असतं, माझा संशय त्यावर. डायलाइझ केलेलं सीरम घेऊन परत लाव. १० हजार डाल्टनच्या पिशवीतून १३६ डाल्टनचं हायपोझँथिन निघून जातं. तिथे थायमिडिनची विहीर खाली आली तर तेच.

नेरूळ_लोकल: डायलाइझ केलेल्याची किंमत ऐकून सर गप्प झाले. साधं सीरम लॅबमध्येच पिशवीत घालून डायलाइझ केलं तर चालेल का? कुणी केलंय?

घोडबंदर७: आमच्याकडे एकदा केलं होतं, बुरशी आली.