आंबेनळी घाट उतरताना ब्रेकचा वास: गिअर कोणता, थांबायचं कुठे?

कोकणची_लेक
मागच्या महिन्यात महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरलो. १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक, पाच माणसं, डिकी गच्च. प्रतापगडाचा फाटा मागे टाकून बरंच खाली आल्यावर जळका वास सुटला आणि ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं. घाबरून एका वळणावर रस्ता रुंद दिसला तिथे थांबले. दोन मिनिटांत समोरून एसटी आली आणि ड्रायव्हरकाकांनी हातवारे करून बरंच काही सुनावलं. काच बंद होती, बरं झालं.

सगळा घाट तिसऱ्यात उतरले, पाय ब्रेकवर अलगद ठेवून. दिवाळीत आईला घेऊन परत जायचंय. तिला वळणांवर मळमळतं, म्हणजे मध्ये थांबावं लागणारच. गिअर कोणता ठेवू आणि थांबू कुठे?

तात्या_६२
सोपं आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. आणि सरळ पट्टा आला की न्यूट्रल. आम्ही खंडाळा असाच उतरायचो, पेट्रोलही वाचायचं.

फिरस्ता_एमएच१२
सेम अनुभव! माझाही घाटात असाच वास आला होता, क्लच प्लेट गेली. ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका, हँडब्रेक लावून उचला.

कोकणची_लेक
अहो, मी उतरत होते. 🙂

डेपो_ते_डेपो
एसटीत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच घाटात. आधी एक सांगा ताई. पेडल खोल जात होतं तेव्हा पायाला मऊ लागत होतं, स्पंजासारखं? की कडक होतं, पण गाडीच थांबत नव्हती?

कोकणची_लेक
मऊ. दोन-तीनदा पंप केल्यावर थोडं वर आलं.

डेपो_ते_डेपो
मग ते ब्रेक ऑइल उकळलं होतं. पेडल कडक राहून गाडी थांबत नसेल तर पॅड तापलेले असतात, ते थोडं गार झाल्यावर बरेचसे पूर्ववत होतात. मऊ पेडल जास्त वाईट. ऑइलची वाफ झाली की पाय फक्त ती वाफ दाबत बसतो, चाकापर्यंत जोर पोचत नाही.

हे झालं त्या "अलगद" पायामुळे. हलका दाब सतत ठेवला की पॅड डिस्कला घासतच राहतात, गार व्हायला क्षणभरही मिळत नाही. वेग गिअरने धरायचा. ब्रेक मारायचा तर चांगला दाबून मारा, वेग दहा-पंधराने खाली आणा आणि पाय पूर्ण उचला.

तात्या, चढाईचा गिअर ही गोष्ट आमच्या भरलेल्या गाडीला लागू होती. दुसऱ्यात रडत चढायची, दुसऱ्यातच उतरायची. आताच्या कार तिसऱ्यात मजेत चढतात, म्हणून तिसऱ्यात उतरल्या तर लहान इंजिन त्यांना धरत नाही. ताई, तुम्ही दुसरा ठेवा. खात्री अशी करायची: तीसच्या वेगाला सरळ उतारावर ब्रेकवरून पाय काढा. काटा तीस-पस्तिसाच्या आसपास रेंगाळला तर गिअर बरोबर. पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस असा पळायला लागला तर एक गिअर खाली. खाली टाकण्याआधी ब्रेकने वेग उतरवा, नाहीतर गाडी हिसका देते. इंजिन नेहमीपेक्षा जास्त ओरडेल, ओरडू द्या. गिअर वळणाच्या आधी बदलायचा. वळणात क्लच दाबला की गाडी मोकळी सुटते.

पाना_पक्कड
न्यूट्रलबद्दल. कार्ब्युरेटरच्या काळात तात्यांचं म्हणणं खरं होतं. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना पाय पेट्रोलवरून काढला की इंजेक्टर पेट्रोलच तोडतो, इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल जाळावं लागतं. म्हणजे वाचत तर नाहीच. आणि कोणी इंजिन बंद करून उतरलं, तर दोन-तीन ब्रेकांत बूस्टरचा व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगड होतं. स्टिअरिंग जड होतं ते वेगळंच.

ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? ते हवेतलं पाणी पितं. नवं डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायलेलं १४० च्या आसपासही उकळू शकतं. दोन वर्षांनी बदलायचं असतं.

कोकणची_लेक
सर्व्हिसची बिलं काढून बघितली. गाडी पाच वर्षांची आहे, ब्रेक ऑइलची नोंद एकदाही नाही.

पाना_पक्कड
झालं मग. दिवाळीच्या आधी बदला, पॅडही बघून घ्या.

बॅटरीवाला_बंडू
माझी इलेक्ट्रिक आहे, पाय उचलला की मोटरच गाडी धरते, फार सोपं. पण एकदा वर हॉटेलात १०० टक्के चार्ज करून सकाळी उतरायला लागलो तर गाडी धरेचना. भरलेल्या बॅटरीत वीज घालायला जागा कुठे असणार! आता वर ८० वर चार्जिंग थांबवतो.

घाटमाथा
एएमटी आहे. डी मध्ये ठेवून उतरलं तर चालतं ना?

पाना_पक्कड
उतारावर पाय उचलला की बऱ्याच एएमटी वरचा गिअर टाकतात. मॅन्युअलला घ्या आणि दुसऱ्यात बांधून ठेवा.

डेपो_ते_डेपो
थांबण्याचं राहिलं. ताई, तुम्ही थांबलात ती रुंद जागा यू वळणाच्या बाहेरच्या अंगाला होती ना? ती पार्किंग नव्हे. एसटीला, ट्रकला वळण एका दमात घ्यायला तेवढी जागा लागते. तुम्ही तिथे उभ्या म्हणजे त्याला अर्ध्या वळणात मागे-पुढे करावं लागणार, तेही चढावर. अरुंद जागी चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे.

जागा सरळ पट्ट्यात हवी, तुमच्या डाव्या हाताला, आणि मागच्याला तुम्ही लांबून दिसायला हव्यात. उजवीकडे कितीही छान कट्टा दिसला तरी रस्ता ओलांडून जायचं नाही. दरीकडची कडा पावसाळ्यानंतर पोकळ असते, चाक डांबरावर किंवा मुरमावर घट्ट बसेल तिथेच. वरच्या कातळातून ताजे दगड पडलेले दिसले तर पुढे चला.

तुमच्यासाठी माझं मत: आईंना त्रास व्हायची वाट बघू नका. महाबळेश्वरपासून वीसेक किलोमीटरवर वाडा कुंभरोशी, प्रतापगडाच्या पायथ्याशी. तिथे पंधरा मिनिटं थांबा, चहा घ्या, त्यांना चालवा. ब्रेकही गार होतात. खरा आंबेनळी त्यापुढे सुरू होतो. मागे गाड्यांची रांग लागली तर पहिल्या बऱ्या जागी डावीकडे घेऊन सोडून द्या. मागच्याच्या धाकाने वेग वाढतो.

आणि वास आलाच तर चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होते. थांबल्यावर रिव्हर्स गिअर टाका, पुढची चाकं डोंगराकडे वळवा, चाकाला दगड लावा. नुसत्या हँडब्रेकवर सोडायची नाही.

तात्या_६२
पेट्रोलचं मान्य. पण यू वळणावर दुसरा पुरत नाही, पहिलाच हवा.

डेपो_ते_डेपो
भरलेल्या गाडीत एखाद्या वळणाला लागेलही. पण पहिला टाकायला गाडी जवळजवळ उभी करावी लागते, आणि मागून कोणी चिकटलेला असेल तर? मी दुसराच ठेवेन.

तात्या_६२
मी पहिलाच टाकणार.

कोकणची_लेक
तुमचं ठरेपर्यंत मी दोन्ही करून बघते. गॅरेजची वेळ शनिवारची घेतलीये. काका, कुंभरोशीच्या पुढे पोलादपूरपर्यंत तुम्ही सांगता तशी डावीकडची जागा कुणाच्या लक्षात आहे का?

फिरस्ता_एमएच१२
मी पुढच्या रविवारी उतरणार आहे, बघून फोटो टाकतो. या वेळी क्लच नवा आहे.