एलटीएचे साठ हजार आणि चेअरमनसाहेबांची टाकी

सावंत (बी-४०२): कोणी सांगेल का, एलटीए, म्हणजे कंपनीचा रजेतला प्रवास भत्ता, हा आपला हक्काचा पैसा असतो ना? मार्चच्या पगारात ६०,०००वर टॅक्स कापलाय. १८,७२० रुपये! दिवाळीत जयपूरला जाऊन आलो, बिल वेळेत दिलं, तरी.

जोशी काका (ए-१०३): फक्त भाडं धरतात. हॉटेल नाही, जेवण नाही.

शेख (बी-२०४): अच्छा, जयपूर! म्हणजे वार्षिक सभेला 'तब्येत बरी नव्हती' ती ही 😄

सावंत: शेखभाई, विषय काय चाललाय?

नेने (चेअरमन): कृपया नोंद घ्यावी, उद्या १० ते १ टाकी धुणार, पाणी बंद.

पाटील वहिनी (सी-३०१): सावंत, बिल कसलं दिलंत? मी पगाराचं काम बघते, रोज हेच असतं.

सावंत: टूरवाल्याचं. पाच जणांचे मिळून १,३५,०००. पक्कं बिल, जीएसटीसकट.

जोशी काका: सांगितलं ना, फक्त भाडं.

पाटील वहिनी: काका बरोबर आहेत. त्या एका आकड्यात विमान किती आणि हॉटेल किती हे ऑफिसला कसं कळणार? म्हणून पूर्ण क्लेम परत आला. वर्षअखेर पुरावा नसला की ते ६०,००० तुम्हाला मिळतातच, पण साधा पगार म्हणून. ३० टक्के आणि सेस धरून ३१.२ टक्के, म्हणजे तुमचे १८,७२०. पैसे कोणी खाल्ले नाहीत, फक्त सूट गेली.

सावंत: 'फक्त' म्हणे.

पाटील वहिनी: पुणे-जयपूर तिकीट काय पडलं?

सावंत: माणशी एका बाजूचे साधारण ५,५००. पाच जण, जाऊन येऊन.

पाटील वहिनी: पाचवं कोण?

सावंत: आई.

पाटील वहिनी: त्यांना पेन्शन आहे ना? आई-वडील, भावंडं तुमच्यावर अवलंबून असतील तरच धरतात.

सावंत: ती कसली अवलंबून, आम्हीच महिनाअखेरीला तिच्याकडे मागतो.

पाटील वहिनी: मग चौघंच. चार जणांचे आठ प्रवास, ४४,०००. मिळालेला भत्ता आणि प्रत्यक्ष भाडं यातलं जे कमी, तेवढीच सूट. उरलेल्या १६,०००वर टॅक्स लागलाच असता, पण ४,९९२. तिकिटं नीट दिली असती तर १३,७२८ वाचले असते.

शेख: आमची कटकटच नाही, न्यू रेजिम. त्यात एलटीएला सूटच नाही, फिरा नाहीतर घरी बसा 😎

सावंत: माझी जुनीच आहे, होमलोनमुळे.

जोशी काका: फक्त भाडं. आणि आपण स्वतः गेलेलं पाहिजे. बायको-मुलांना पाठवून चालत नाही. रजाही मांडलेली हवी.

नेने: टाकीची नोंद वर घ्यावी. हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे.

सावंत: चेअरमनसाहेब, तुमच्या भाच्याच्या लग्नाचे चाळीस फोटो याच ग्रुपवर आले होते.

शेख: 🍿

सावंत: वहिनी, मग आता हा प्रवास बुडाला?

पाटील वहिनी: दोन वाटा आहेत. टूरवाल्याकडून विमानाची तिकिटं वेगळी मागून घ्या, भाड्याच्या आकड्यासह. बोर्डिंग पास असतील तर तेही. ती असतील तर रिटर्न भरताना ४४,०००ची सूट मागता येते. फक्त तो आकडा फॉर्म १६ शी जुळणार नाही, विचारणा आली तर कागद दाखवायचे. तयारी असेल तरच करा.

सावंत: आणि दुसरी?

पाटील वहिनी: २०२२ ते २०२५ या चार कॅलेंडर वर्षांच्या ब्लॉकमध्ये दोन प्रवासांवर सूट होती. तुमचा एक २०२३चा केरळचा झाला. दुसरा वापरला नाही असं धरलं, तर तो २०२६मध्ये चालतो. ३१ डिसेंबरच्या आत जायचं. नव्या ब्लॉकचे दोन प्रवास त्यात मोजत नाहीत.

सावंत: म्हणजे हे ६०,००० पुढे जातात!

पाटील वहिनी: नाही हो. प्रवास पुढे जातो, पैसे नाहीत. हे ६०,००० पगारात येऊन टॅक्स भरून मोकळे झाले. पुढच्या प्रवासाला या वर्षाचा भत्ता लागेल. काही कंपन्या न घेतलेला भत्ता साठू देतात, तुमच्याकडे तसं आहे का ते विचारा. आणि जयपूर रिटर्नमध्ये दाखवलंत तर दुसरा प्रवास वापरला गेला. मग पुढे न्यायला काही उरत नाही.

शेख: यंदा सिंगापूरला जा, सावंत!

पाटील वहिनी: भारतातलाच प्रवास चालतो, शेखभाई.

जोशी काका: आणि त्यातही फक्त भाडं.

सावंत: काका, पाठ झालं 🙏 टूरवाल्याला तिकिटांचा मेसेज टाकलाय. सिंगल टिक.

शेख: बुकिंगच्या वेळी एका मिनिटात निळी होत होती ना?

नेने: उद्या १० ते १ पाणी बंद.

सावंत: मला तर मार्चपासूनच बंद आहे, साहेब.