मदत हवी आहे: नवीन साड्यांचा कोल्ड स्टार्ट, सर्चमध्ये वरच येत नाहीत

कैरीपन्हं (सोमवार, रात्री ११.४०)
दोन महिन्यांपूर्वी आमच्या साड्यांच्या साइटवरचं सर्च हातानं लावलेल्या नियमांवरून मॉडेलवर नेलं. तेव्हापासून नवा माल नुसता पडून आहे. गेल्या आठवड्यात ३४० साड्या चढवल्या. "टसर सिल्क" मारलं तर पहिल्या चार पानांत त्यातली एकही नाही. दिसत नाहीत म्हणून क्लिक नाहीत, क्लिक नाहीत म्हणून दिसत नाहीत. शुक्रवारी मालकांना दाखवायचंय. लवकर सांगा.

उंबरठा
मॉडेल कुठलं? क्लिकचे कॉलम कोणते? नव्या साडीला त्यात काय भरता? हे न सांगता आम्ही काय कपाळ सांगणार?

बाबूराव_बॅकएंड
सोपं आहे. दर पाच मिनिटांनी फंक्शनला पिंग मारत राहा, गरम राहतं. आमचं पहिल्या रिक्वेस्टला तीन सेकंद खायचं.

कैरीपन्हं
बाबूराव, सर्व्हर गरमच आहे, साड्या थंड आहेत.
उंबरठा, लाइटजीबीएम आहे, लॅम्डारँक. ३० दिवसांचे क्लिक, क्लिकचं प्रमाण, ऑर्डरी. नव्याला शून्य भरतो, दुसरं काय भरणार?

```python
df[hist_cols] = df[hist_cols].fillna(0)
```

बाबूराव_बॅकएंड
लॅम्डा म्हणताय आणि वर मलाच हसताय.

उंबरठा
इथेच घात आहे. पाचशे वेळा दिसूनही कुणी न उघडलेली साडी आणि आज सकाळी चढवलेली साडी, दोघींना तुम्ही तोच शून्य देताय. मॉडेलनं पाहिलेले शून्यवाले बहुतेक पडेल मालच होते. त्यामुळे शून्य म्हणजे टाकाऊ, हे ते शिकलं.

जुना_पेठकर
एवढं कशाला? चढवल्यापासून १५ दिवस स्कोअरला बूस्ट द्या. आम्ही वर्षानुवर्षं तेच करतोय.

उंबरठा
पेठकर, नव्याला दिसायची संधी हवी हे बरोबर. पण ३४० साड्यांना एकदम बूस्ट दिलात तर पहिलं पान नव्या मालानंच भरेल आणि खपणाऱ्या साड्या खाली जातील. सोळाव्या दिवशी परत अंधार.

कैरीपन्हं (मंगळवार)
`fillna` काढलं. ढिम्म फरक नाही!

उंबरठा
कुठून काढलं? लाइव्ह स्कोअरिंगमधूनच ना? ट्रेनिंगच्या वेळी त्या कॉलमात एकही `NaN` नसेल, तर लाइटजीबीएम नंतर आलेल्या `NaN` ला शून्यच धरतं. मॉडेल परत ट्रेन करावं लागेल.

कैरीपन्हं (बुधवार)
केलं. आता उलटंच झालं, नव्या साड्या सगळ्यात वर! सहावारी मागितली तर नवी नऊवारी पहिली.

उंबरठा
तुमच्या लॉगमध्ये नवी साडी कधी दिसली असेल? कुणी नेमकं नावच टाकलं आणि दोनच निकाल आले, तेव्हा. तिथे क्लिक होणारच. म्हणून आता "माहिती नाही" म्हणजे "भारी", असं ते शिकलंय. ट्रेनिंगमधल्या साधारण दहा टक्के ओळी चिठ्ठ्या टाकून निवडा, जुन्या साड्यांच्यासुद्धा, आणि त्यांचे इतिहासाचे सगळे कॉलम एकत्र `NaN` करा. एकच पुसलात तर ते शेजारच्या कॉलमावरून ओळखतं. इतिहास पुसलेल्या ओळींत मग त्याला कापड, काठ, किंमत, शब्दांचा मेळ यांवरच निर्णय घ्यावा लागतो.

लोणचेवाली_आजी
माझं लोणचं एका मोठ्या साइटवर दोन महिने तळाला आहे. ते पण असंच शून्य भरतात का? फोन केला तर "फोटो सुधारा" म्हणतात. फोटो माझ्या नातवानं काढलाय, उत्तम आहे.

जुना_पेठकर
आजी, पहिल्या दहा बरण्या नातेवाइकांना घ्यायला लावा.

कैरीपन्हं (गुरुवार)
नऊवारी खाली गेली. नव्या साड्या मधल्या जागांवर येताहेत. पण जुन्या लॉगवर एनडीसीजी थोडा घसरला. मालकांना काय सांगू?

उंबरठा
त्या लॉगमध्ये नव्या साड्या जवळपास नाहीतच, मग सुधारणा त्यात दिसणार कशी? आकडे साडीच्या वयाप्रमाणे वेगळे काढा. आणि सहावी जागा नव्या मालासाठी राखून ठेवा. तिथे आलेल्या क्लिकचं प्रमाण थेट धरू नका. त्या जागेची सरासरी ४ टक्के असेल तर प्रत्येकीला ५० वेळा दिसून २ क्लिक उसने द्या. एकदा दिसून एक क्लिक मिळालेली मग १०० टक्के न होता ३/५१ म्हणजे सुमारे ६ टक्क्यांवर राहते. पाचशेत शून्यवाली २/५५० वर, अर्ध्या टक्क्याच्याही खाली. ही उसनवारी जुन्या साड्यांच्या कॉलमालाही लावा, पण एकदाही न दिसलेली `NaN` च ठेवा.

जुना_पेठकर
म्हणजे सहाव्या जागेला बूस्टच की! नाव बदललं फक्त.

उंबरठा
एक जागा आणि अख्खं पान यात फरक आहे, पेठकर.

कैरीपन्हं
आमच्याकडे दिवसाला "टसर" चे सर्च जेमतेम साठ. एका जागेवर ३४० साड्यांची पाळी कधी येणार?

उंबरठा
साठच? हे पहिल्या दिवशी सांगायचं होतं. मग साडीवार नको, विणकर किंवा काठाच्या प्रकारावर गट करून मोजा. किती मोठे गट, ते तुमचा माल बघितल्याशिवाय नाही सांगता येणार.