होडीच्या आकाराचं कोळी संग्रहालय: ज्युरीनं धुतलं ते बरोबर का?

किमया_फायनलइयर: थिसिसला वर्सोव्यात कोळी संग्रहालय घेतलंय. प्लॅन होडीच्या आकाराचा, वर शिडासारखं छप्पर. ज्युरी म्हणाली "फारच लिटरल". मग लोटस टेंपल कमळासारखं चालतं, माझी होडी का नाही? कॉन्सेप्टवर सगळे नुसतं ज्ञान पाजळतात.

टी_स्क्वेअर: शेवटचं वाक्य वाचून हातातला चहा तसाच राहिला, म्हणून पाजळतोच. प्लॅनमधली होडी दिसणार कुणाला? घारीला, नाहीतर ड्रोनला. आत फिरणाऱ्याला फक्त वाकडी भिंत कळते आणि नाळेच्या टोकाला जो चिंचोळा कोपरा उरतो तिथं शेवटी टॉयलेट बसतं. तुझ्या शीटवरही बसलंय ना?

लोटस टेंपलचं म्हणशील तर बहाई प्रार्थनागृहाला नऊ बाजू लागतात, म्हणून नऊ-नऊच्या तीन ओळी, एकूण २७ पाकळ्या. आतल्या पाकळ्या माथ्याशी पूर्ण मिटत नाहीत, तिथून उजेड खाली हॉलमध्ये उतरतो. म्हणजे पाकळीच भिंत, पाकळीच छप्पर, आणि ती काढली तर उरतं काय? आता तुझी होडी पुसून साधा आयत ठेव. संग्रहालयाचं काय अडलं?

किमया_फायनलइयर: टॉयलेट नाहीये तिथं. इलेक्ट्रिकल रूम आहे.

टी_स्क्वेअर: 😂 बरं. वस्तू सोड, तिथं काय *घडतं* ते बघ. बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं बांबूवर टांगतात, कारण चारी बाजूंनी वारा लागला पाहिजे. तोच नियम सेक्शनमध्ये आण. इमारत एकाच खोलीइतकी जाड, पश्चिमेला आणि पूर्वेला उघडी, जाळी-होड्या मधे टांगलेल्या, वारा आरपार. पावसाळ्यात बांबू रिकामे असतात, तसा मोठा हॉलही तेव्हा रिकामा ठेव, प्रदर्शन आतल्या बाजूला सरकव. बांबूची चौकट कुठं दिसायलाच नको.

खाडीकाठची_सुमन: सगळे बोंबलाचं कौतुक करताय, वाळवायला जागा कुठं उरलीय ते विचारा. आमच्या बांबूंपर्यंत आता गाड्या लागतात, हॉर्न मारून आमच्याच बायकांना बाजूला व्हायला सांगतात. आणि होडीचं म्हणाल तर माझ्या सासऱ्यांची होडी होती, आम्ही घरात राहायचो, होडीत नाही. सगळा कारभार ओट्यावर. जाळं विणणं, भांडणं, सोयरीक, सगळं. ओटा करा ना!

दक्षिण_टोक: टी_स्क्वेअर, खारा वारा आरपार म्हणे! लोखंडी नांगर गंजून जाईल, जुने फोटो पहिल्याच पावसाळ्यात बुरशीनं खलास. संग्रहालयात हवा आटोक्यात लागते. तुमचा कॉन्सेप्ट शीटवरच छान.

टी_स्क्वेअर: मान्य. कागद, फोटो, धातू एका बंद खोलीत, आणि हॉल तिच्याभोवती. हे आधीच लिहायला हवं होतं, उपकार झाले. पण पश्चिमेकडून वारा येतो तसा ऊन-पाऊसही येतो, हा मुंबईचा जुना पेच आहे. चार्ल्स कोरियांचं कांचनजंगा बघा, १९८३, कंबाला हिल. त्यांनी जुन्या बंगल्याचा व्हरांडा घेतला, पण कमानी-कठडे चिकटवले नाहीत. व्हरांडा काय करतो तेवढं उचललं, घर आणि ऊन-पाऊस यांच्यामधे थांबणं. २८ मजले वर नेला, कोपऱ्यांत दोन मजली उंच गच्च्या केल्या. लांबून फक्त कोपरे कातरलेला टॉवर दिसतो, व्हरांडा वाटतसुद्धा नाही.

एकखोली_गिरगाव: हो, ३२ फ्लॅटसाठी! आमच्या चाळीत अख्ख्या मजल्याला मिळून एक व्हरांडा, त्यातच कपडे, सायकल आणि आजोबांची खाट. आधी त्यावर बोला.

दक्षिण_टोक: आणि मिळाली गॅलरी तरी मुंबईकर पहिल्या वर्षी ग्रिल, दुसऱ्या वर्षी काच लावतो. आमच्या बिल्डिंगमध्ये एकही उघडी नाही. उघड्या जागेचा कॉन्सेप्ट इथं फसणारच.

टी_स्क्वेअर: फसतो कारण ती चार फूट खोल असते. तिरपा पाऊस थेट आतल्या दारावर येतो, मग माणूस काच लावणारच ना. गॅलरी पुरेशी खोल दिली की लोक बंद करत नाहीत.

एकखोली_गिरगाव: कोण म्हणतं? आमच्या मामाची आठ फूट खोल, तरी बंद केली. मुलाचं लग्न ठरलं, खोली नव्हती. पावसाचा काय संबंध?

दक्षिण_टोक: घ्या! मास्तर, तुमच्या घरची गॅलरी उघडी आहे का तेवढं सांगा.

टी_स्क्वेअर: ...बायकोनं वॉशिंग मशीन ठेवलंय. काच आहे. पण सरकती आहे.

दक्षिण_टोक: 🙏🙏

किमया_फायनलइयर: सुमनताई, ओटा किती उंच असतो आणि त्यावर साधारण किती जणं बसतात? शनिवारी येऊन मोजू का?

खाडीकाठची_सुमन: ये. पण सकाळी लवकर नको, तेव्हा आम्ही बाजारात असतो. आणि ड्रोन आणू नकोस.